तक्त्यातली अमेरिका म्हणजे नेमकं कोण?

कारंजा लाडमधल्या माझ्या स्वयंपाकघरातून मी वऱ्हाडी पदार्थांचे व्हिडिओ करते. यूट्यूबच्या अहवालात भारताखालोखाल अमेरिका आणि मग संयुक्त अरब अमिराती दिसू लागली, तेव्हा एका जाणकाराने सल्ला दिला : बोली सोडा, इंग्रजी शब्द पेरा, तिकडच्या तरुण मंडळींना तसंच लागतं. ज्वारीच्या भाकरीचा व्हिडिओ मी त्या सल्ल्याने केला. अमेरिकेत तो उघडला गेला, पण माझ्या आधीच्या व्हिडिओंपेक्षा लवकर बंद झाला. परदेशातल्या मराठी माणसांसाठी काही करू पाहणाऱ्यांनी यामागचं कारण नीट समजून घ्यावं.

देशांचा तक्ता आणि वयांचा तक्ता वेगवेगळे असतात. वयाच्या तक्त्यात पूर्ण चॅनेलचे, सगळ्या देशांतले प्रेक्षक एकत्र मोजलेले असतात आणि माझ्यासारख्यांच्या बाबतीत त्यातले बहुतेक भारतातलेच असतात. ते वय उचलून अमेरिकेला चिकटवलं की अंदाज चुकतो. म्हणून Advanced mode उघडावं, Geography मध्ये एकच देश गाळून घ्यावा आणि मग Viewer age पाहावं. मी अमेरिका गाळली तेव्हा सर्वांत मोठा गट पंचावन्नच्या पुढचा निघाला. मुलांकडे राहायला गेलेले हे आई-वडील. पाहुण्यांच्या व्हिसावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. बरेच जण उन्हाळ्यात जातात आणि थंडीआधी परततात. त्यांना वऱ्हाडी बोली परकी नाही, अडतात ते पेरलेले इंग्रजी शब्द.

मग बदलायचं काय? तिकडे गेलेल्या ओळखीच्या एका काकूंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "भाकर करता येते वो मले, पण इथलं पीठच जुनं हाय, थापतानीच तुटते." इथे आपण गिरणीतून ताजं पीठ आणतो. तिकडे पाकिटातलं पीठ कित्येक महिने पडून असतं, त्याची विरी गेलेली असते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे अशा पिठाची उकड काढावी लागते. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर उकळतं पाणी घ्यावं, ढवळून झाकून ठेवावं आणि कोमट असतानाच खूप मळावं. विजेच्या शेगडीवर जाळ नसतो, म्हणून भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावी. पुढच्या व्हिडिओत मी बोली पूर्वीसारखीच ठेवली आणि पीठ नि शेगडी बदलली. अमेरिकेच्या ओळीतलं Average percentage viewed वर आलं.

अमिराती गाळली तर चित्र निराळं. तिथे पंचवीस ते चौतीस वयाचे पुरुष जास्त. घरी कधी भाकरी न थापलेली ही पोरं, त्यांना शब्दांपेक्षा वेग अडतो. व्हिडिओच्या आलेखात थापण्याच्या जागी उंचवटा होता, म्हणजे लोक मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा पाहत होते. हा उंचवटा सगळ्या देशांचा मिळून असतो, तो एकट्या अमिरातीच्या नावावर मांडू नये. तरीही थापताना हात दिसेल असा, न कापलेला एक सलग भाग ठेवला तर कुणाचंच नुकसान होत नाही. ज्यांना येतं ते पुढे सरकतात.

"परदेश" म्हणून एकच एक प्रेक्षक नसतो, हे मॉरिशसवरूनही लक्षात येईल. तिथली मराठी कुटुंबं एकोणिसाव्या शतकात गेलेली, घरात बहुतेक क्रिओल बोलली जाते. तिथे बोली की प्रमाण हा प्रश्न दुय्यम, उपशीर्षकं आधी हवीत.

अहवालाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. वयाचे आकडे फक्त खात्यातून लॉग-इन केलेल्यांचे असतात आणि तेराच्या खालची मुलं त्यात नसतात. आजीच्या खात्यावर टीव्हीसमोर बसलेली नातवंडं आजीच्याच वयात मोजली जातात. प्रेक्षक मोजकेच असले तर वयाचा तक्ता दिसतच नाही आणि दोन-चार डझन जणांवरून भाषा बदलणं धोक्याचंच. प्रेक्षक केव्हा येतात तो आलेख आपल्या घड्याळाने असतो. आपल्याकडे सकाळचे साडेसहा म्हणजे न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ, हिवाळ्यात आठ. सकाळच्या त्या रांगेतले सगळेच वाशीमकर नसतात.

शेवटचं पथ्य : एका व्हिडिओत एकच गोष्ट बदला, भाषा, वेग किंवा उदाहरण. तिन्ही एकदम बदलली तर आकडा वर गेला किंवा खाली आला, तरी तो कशामुळे हे कळणार नाही. आणि तुलना त्याच देशाच्या आधीच्या व्हिडिओंशी, त्याच मोसमातल्या आकड्यांशी करा. आई-वडील परतले की अमेरिकेची ओळ आपोआप उतरते, तो दोष तुमच्या भाकरीचा नसतो.