बेरजेवर विसंबू नकोस

कळवा, मे महिना

चि. सुहास,


काल वहिनीचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, यंदा वरचा माळही गरव्या भाताखाली आणायचं तू ठरवलं आहेस. ‘पाऊस कमी होतो म्हणतात, पण वहीत तर सरासरीच्या ९८ टक्के आहे,’ असं तू तिला सांगितलंस म्हणे. तेव्हापासून जिवाला चैन नाही. तू पाठवलेल्या २०२३ च्या पानाचा फोटो पुन्हा काढून बघितला. बेरीज बरोबर आहे. पण माळावर गरवा? अरे, ते पान नीट वाचलंस तरी का?

तालुक्याची सरासरी तूच गोल आकड्यांत लिहिली आहेस: जून ४५०, जुलै ९००, ऑगस्ट ६००, सप्टेंबर ३५०, एकूण २३०० मिलिमीटर. आपल्या शेतावर पडला ३८०, १२४०, २७० आणि ३७०, एकूण २२६०. म्हणजे चाळीसच मिलिमीटर कमी. पण ऑगस्टच्या ओळीवर बोट ठेव. सहाशेच्या जागी दोनशे सत्तर, पंचावन्न टक्के तूट! वीस ते एकोणसाठ टक्के तूट असली की हवामान खातं ‘अपुरा पाऊस’ म्हणतं. तुझ्या बेरजेने तो अख्खा महिना गिळला.

कसा गिळला, ते चढत्या बेरजेत दिसतं. जूनअखेर आपण सत्तरने मागे होतो. जुलैअखेर १६२० झाले, म्हणजे सरासरीच्या १३५० पेक्षा दोनशे सत्तरने पुढे. ऑगस्ट कोरडा गेला तरी बेरीज १८९० वर, फक्त साठने मागे. कागदावर जुलैच्या शिलकीतून ऑगस्ट भागला. शेतात तसं भागत नाही, बाळा. खाचराचा बांध धरतो वीतभरापेक्षाही कमी पाणी, बाकीचं बांधावरून उतरून काळू नदीला जातं. उभ्या भाताला आणि जमिनीत मुरायला मिळून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर लागतात. चार बोटं पाणी साठलेलं असलं तरी उघडीप पडल्यावर आठ-दहा दिवसांत चिखल दिसायला लागतो, आणि माळावर त्याहून लवकर. तू माळ म्हणतोस आणि माझ्या डोळ्यांपुढे जमिनीच्या भेगाच येतात.

त्या वर्षी हे केवळ आपल्या शेतावर झालं नाही. देशाचा जून सरासरीच्या ९१ टक्के, जुलै ११३, ऑगस्ट ६४, सप्टेंबर पुन्हा ११३, आणि हंगाम ९४ टक्के. खात्याच्या व्याख्येत तो ‘सरासरीपेक्षा कमी’ एवढाच ठरला. पण १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नाही.

गरव्याला एकशे चाळीस-पन्नास दिवस लागतात. त्या वर्षी मुंबईत पाऊस २५ जूनला पोचला, म्हणजे राब आणि आवण दोन्ही लांबले. असं झालं की गरवा पोटरीत येतो सप्टेंबरअखेर, दाणा भरतो ऑक्टोबरात, आणि तोवर मोसमी पाऊस परतीला लागलेला असतो. खालच्या खाचरात ओल टिकते, तिथे खुशाल लाव. माळाला कर्जत-३ सारखं हळवंच बरं.

आणखी एक. रोज सकाळी साडेआठला मापकातलं पाणी मोज, तसाच शून्यही लिही. अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडलेले दिवस सलग किती गेले, ते बाजूला मांड. महिन्याची बेरीजही फसवते, कारण दोनशे सत्तर तीन दिवसांत पडले की महिनाभर झिमझिमले, हे तिच्यात कळत नाही. मापक गोठ्याच्या पन्हाळीजवळ असेल तर हलव. आडोशाच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं. आणि तालुक्याची सरासरी आपल्या शेताची नव्हे, हे धरून चाल. इथे पारसिकच्या डोंगराखाली धो धो कोसळत असतो आणि ठाण्यात छत्री मिटलेली असते.

नोकरीत वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून तालुक्यांचे पाऊसतक्ते गेले. नानांनाही पाऊस लिहून ठेवायची हौस होती, कॅलेंडरच्या मागे लिहीत. मी सुट्टीला आले की म्हणत, ‘बस गं, जरा बघ.’ मी दोन दिवसांत कळव्याला परतायची. त्यांच्याशेजारी बसून ते सगळे आकडे एका वहीत उतरवायचे राहूनच गेले, आणि आता ती कॅलेंडरंही नाहीत.

म्हणून तुझी वही मला एवढी जिवाभावाची. रागावले असेन, तर ते मनावर घेऊ नकोस. तुझं अक्षर नानांसारखंच उभं आहे, फोटो मोठा करून बघत बसले होते. आवणीला माणसं कमी पडली तर कळव, गुडघे दुखत असले तरी बांधावर चहा करायला तरी येईन. विजा चमकत असताना मापक बघायला जाऊ नकोस. एखाद्या दिवसाचा आकडा राहिला तर राहू दे.

तुझी,
आत्या