सभासद पत्राचा खर्च : ताळा आधी, मजकूर नंतर

बडनेरा परिसरातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्ये वार्षिक सभा जवळ आली की सीए किंवा सीईओ दहा-बारा स्लाइड तयार करतात. त्यातल्या दोन स्लाइड महत्त्वाच्या: 'आर्थिक ठळक बाबी' आणि 'पुढील वर्षाचा अंदाज'. मग संचालक म्हणतात, "यावरून सभासदांना एक पत्र लिहून द्या." अशा पत्राला किती पैसे मोजावेत, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेब तुमच्याही कंपनीला बसेल.

कंपनीचे सभासद 500. स्लाइडवर लिहिले आहे: विक्री 1.80 कोटींवरून 2.25 कोटी, करपूर्व नफा 4 लाखांवरून 7 लाख, वाढ 75 टक्के. हेच वाक्य उचलून पत्रात टाकायला दहा मिनिटे लागतात, आणि सभेत फजिती होते ती इथेच. लेखापरीक्षित नफा-तोटा पत्रक उघडले की 'इतर उत्पन्न' या ओळीत यंदा 5 लाखांचे व्यवस्थापन अनुदान दिसते. मागच्या वर्षी ते 1 लाख होते. 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत हे अनुदान एका संस्थेला तीन वर्षांत जास्तीत जास्त 18 लाख मिळते, नंतर बंद होते. सीईओचा पगार मात्र चालूच राहतो. म्हणून अनुदान वजा करून पाहायचे: मागच्या वर्षी 3 लाख, यंदा 2 लाख. विक्री वाढली, पण व्यापारातली कमाई घटली.

पत्रात मग असे लिहावे: "विक्री 45 लाखांनी वाढली. नफा 7 लाख दिसतो, त्यात 5 लाख सरकारी अनुदान आहे. ते सोडल्यास आपल्या व्यापारातून 2 लाख उरले, मागच्या वर्षी 3 लाख उरले होते." यानंतर घट कशामुळे झाली ते एका वाक्यात: तुरीची खरेदी चढ्या भावात झाली, की वाहतूक वाढली? कारण स्लाइडवर नसते, ते सीईओला विचारावे लागते.

अंदाजाच्या स्लाइडवर 'पुढच्या वर्षी 3 कोटी' असेल, तर विचारा की यातले किती लेखी करारावर आहे. समजा 80 लाखांच्या हरभऱ्याचा करार हातात आहे, तर पत्रात तेवढेच ठाम लिहावे. उरलेले "भाव आणि पाऊस साथ देतील तर" असेच यावे. नाहीतर पुढच्या सभेत हेच पत्र घेऊन कोणी उभा राहील, आणि ते रास्तच असेल.

आता खर्च. ताळा घ्यायला 3 तास, मसुद्याला 3, संचालकांच्या दुरुस्त्यांना 2. ताशी 500 रुपये धरले तर 4,000. लिहिणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर 18 टक्क्यांनी 720 रुपये वर. एका कागदाच्या दोन्ही बाजूंची छपाई 3 रुपये धरली तर 500 प्रतींना 1,500. जीएसटी सोडून एकूण 5,500, म्हणजे सभासदामागे 11 रुपये.

टपालात मात्र खरी बचत आहे. साध्या टपालाला 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये, पुढच्या प्रत्येक 20 ग्रॅमला आणखी 5. ए-फोर कागद 75 जीएसएमचा असेल तर सुमारे 4.7 ग्रॅम भरतो. सभेची नोटीस, ताळेबंद, संचालकांचा अहवाल मिळून पाच कागद आणि लिफाफा 30 ग्रॅमच्या आसपास जातात, म्हणजे 10 रुपयांचे तिकीट लागणारच आहे. त्यात पत्राचा एक कागद घातला तरी पाकीट 40 ग्रॅमच्या आत राहते, तिकीट वाढत नाही. तेच पत्र वेगळे पाठवले तर टपाल 2,500 आणि लिफाफे साधारण 500, असे 3,000 जास्त. एकाच पाकिटात घालायचे तर पत्र नोटिशीआधी तयार हवे. नोटीस सभेच्या किमान 14 दिवस आधी जावी लागते. एक पाकीट पोस्टाच्या काट्यावर ठेवून बघा, मगच तिकिटे घ्या.

आणखी एक गोष्ट. संचालकांचा अहवाल कायद्याने द्यावाच लागतो. राखीव निधीत किती, भागभांडवलावर मर्यादित परतावा किती, पॅट्रोनेज बोनस किती, हे त्यात येते. पत्र ऐच्छिक आहे, ते अहवालाची जागा घेत नाही. "पत्र केले की अहवाल नको" असे सांगणाऱ्याला काम देऊ नका.

दर ठरवताना पानाचा भाव विचारू नका. "लेखापरीक्षित पत्रकाशी प्रत्येक आकड्याचा ताळा घेऊन देणार का, आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या धरल्या आहेत?" हे विचारा. पानावर पैसे घेणारा बहुधा स्लाइडच उतरवून देतो. अर्धे पैसे मसुदा मिळाल्यावर द्या, उरलेले सीएने शेजारी पत्रक ठेवून आकडे तपासल्यावर. ही तपासणी लेखापरीक्षणाच्या फीमध्ये धरली आहे का, हे फी ठरवतानाच बोलून घ्या. नंतर विचारले की वेगळे बिल येते.