आधी भाकीत, मग स्पष्टीकरण : उकळत्या पाण्याचा धडा

‘पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते’ हे वाक्य शालेय जीवनात इतक्या वेळा लिहिले जाते, की त्यामागील अट विसरली जाते. बंगळुरूचे इंदिरानगर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या पातेल्यातील पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळते.

रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गन्स्टोन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात भाकीत, निरीक्षण, स्पष्टीकरण अशा क्रमाची पद्धत मांडली. तीनुसार विद्यार्थ्याने प्रयोगापूर्वीच उत्तर कारणासह लिहावयाचे असते. येथे प्रश्न दोन : इंदिरानगरमध्ये पाणी किती अंशांवर उकळेल? आणि उकळू लागल्यावर ज्योत मोठी केल्यास तापमान किती होईल? समजा, विद्यार्थ्याने लिहिले : ‘१०० अंश, नंतर १०५, कारण उष्णता जास्त मिळते.’

तापमापी मात्र ९७ च्या आसपास स्थिर राहतो. येथे पहिली पळवाट निघते : ‘तापमापीच सदोष असेल.’ म्हणून तो आधी वितळत्या बर्फात तपासावा आणि त्याचा फुगा पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नये. दुसरी पळवाट अधिक फसवी आहे. स्पष्टीकरण वाचताच ‘हे तर ठाऊकच होते’ असे वाटू लागते. लिहिलेले १०५ समोर असल्यावर तसे म्हणता येत नाही. नुसता आकडा लिहिला असेल, तर चूक कोठे झाली हेच कळत नाही. म्हणून कारण लिहिणे आवश्यक ठरते.

तुलना करताना दोन्ही चुका वेगळ्या ठेवाव्यात. पहिली अपुऱ्या माहितीची आहे. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते आणि उंचीवर हवेचा दाब कमी असतो. ही चूक एका वाक्याने दुरुस्त होते. दुसरी खरी चिवट, कारण तीत उष्णता आणि तापमान एकच मानले आहे. उकळत्या पाण्याला दिलेली जादा उष्णता त्याची वाफ करण्यात खर्ची पडते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ज्योत मोठी केल्याने वाफ वेगाने होते, पाणी अधिक तापत नाही.

समज खरोखर बदलली का, हे काही दिवसांनी बदललेल्या प्रश्नावरून कळते. उंचीत दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू ढोबळमानाने एक अंशाने घटतो. तर सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरला तो किती? साडेपंच्याण्णवच्या आसपास. पण हे उत्तर सूत्राने येते. गैरसमज तसाच राहूनही येऊ शकते. कस लागतो तो पुढील प्रश्नात : उघड्या पातेल्यात भात उकळू लागल्यावर आच वाढविल्यास तो लवकर शिजेल काय? येथे ‘होय’ असे लिहिणाऱ्याच्या मनात १०५ चा आकडा अद्याप शिल्लक आहे.