प्रवेशशुल्क आणि फेरीचा दर

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड हे करमणूक-उद्यान 1955 साली सुरू झाले. पुढे अनेक वर्षे तेथे प्रवेशासाठी एक शुल्क आणि आतील प्रत्येक खेळासाठी वेगळे तिकीट अशी पद्धत होती. 1971 मध्ये वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने या उद्यानाचे उदाहरण घेऊन एक प्रश्न मांडला. अधिकाधिक नफा हवा असेल तर मालकाने प्रवेशशुल्क भारी ठेवून खेळ जवळजवळ फुकट द्यावेत, की प्रवेश मोकळा ठेवून खेळांवर पैसे मिळवावेत? अशा दुहेरी आकारणीस द्विभागी मूल्य-आकारणी म्हणतात.

सर्व ग्राहक सारखेच असतील तर उत्तर सोपे आहे. एका फेरीसाठी मालकाला जो वाढीव खर्च येतो, म्हणजेच सीमांत खर्च, तेवढाच फेरीचा दर ठेवावा. त्यामुळे खर्चाहून अधिक मोलाची वाटणारी प्रत्येक फेरी ग्राहक घेतो. दिलेल्या पैशांपलीकडे त्याला जे समाधान मिळते, त्यास उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. ते सर्वच्या सर्व मालक प्रवेशशुल्काच्या रूपाने काढून घेतो. दर याहून वाढवला तर फेऱ्या घटतात, संतोषाधिक्य आटते आणि शुल्कही तितकेच उतरवावे लागते.

परंतु ग्राहक सारखे नसतात, आणि कोणाची हौस किती हे दारावरच्या तिकीट-विक्रेत्याला कळत नाही. शुल्क सर्वांना एकच लावावे लागते. अडचण येथेच उद्भवते.

आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उद्यानात चार जण येतात. त्यांपैकी तिघांची हौस बेताची आहे. फेरीचा दर 8 डॉलर असता त्यांतील एकही जण फेरी घेणार नाही, मात्र दर एकेका डॉलरने उतरला की प्रत्येक जण एकेक फेरी अधिक घेईल. चौथा मोठा हौशी आहे. त्याची मागणी 12 डॉलरपासून याच प्रमाणात वाढते. एका फेरीचा सीमांत खर्च 2 डॉलर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी फेरीचा अंशही घेता येतो असे मानू.

दर 2 डॉलर ठेवला तर बेताच्या हौसेचा ग्राहक 6 फेऱ्या घेतो. त्याचे संतोषाधिक्य म्हणजे 6 पाया व 6 उंची असलेल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ, अर्थात 18 डॉलर. तो गमवायचा नसेल तर शुल्क 18 हून अधिक ठेवता येत नाही. चौघांकडून मिळून 72 डॉलर नफा होतो. फेऱ्यांवर काहीच सुटत नाही. मोठ्या हौशाचे संतोषाधिक्य मात्र 50 डॉलर असते, आणि 18 देऊन उरलेले 32 त्याच्याच पदरात राहतात.

आता दर 3 डॉलर करू. बेताच्या हौसेचा ग्राहक 5 फेऱ्या घेईल, म्हणून शुल्क 12.50 वर आणावे लागेल. चौघांचे शुल्क 50 डॉलर होईल. फेऱ्या 5, 5, 5 आणि 9, म्हणजे एकूण 24. प्रत्येकीवर 1 डॉलर सुटतो. नफा 74 डॉलर झाला. हे 2 डॉलर कोठून आले? प्रत्येकाचे शुल्क 5.50 ने कमी झाले. पहिल्या तिघांकडून फेऱ्यांवर 5 डॉलरच परत मिळाले, म्हणून दरडोई अर्धा डॉलर तोटा झाला. चौथ्याकडून मात्र 9 परत आले, म्हणजे 3.50 चा लाभ. शुल्काने जो हाती लागत नव्हता, तो फेरीच्या दराने सापडला.

यातून सामान्य नियम निघतो. दर किंचित वाढवला की शुल्क सर्वांत कमी हौसेच्या ग्राहकाच्या फेऱ्यांच्या मानाने उतरते. फेऱ्यांवरील मिळकत मात्र सर्वांच्या सरासरी फेऱ्यांच्या मानाने वाढते. सरासरी अधिक असल्याने प्रारंभी लाभच होतो. पण दर जसा चढतो तशा कमी झालेल्या फेऱ्यांवरील बुडालेली मिळकतही वाढते. दर 4 डॉलर केला तर नफा पुन्हा 72 वर येतो. सर्व ग्राहक सारखे असते तर ही सरासरी आणि किमान संख्या एकच ठरली असती, आणि दर वाढवण्याचे कारणच उरले नसते.

मालकाच्या या 2 डॉलरांसाठी मोठा हौशी मात्र 4 डॉलर गमावतो. त्याचे उरलेले संतोषाधिक्य 32 वरून 28 वर येते. उरलेले 2 डॉलर कोणालाच मिळत नाहीत. खर्चाहून मोलाच्या असूनही न घेतलेल्या फेऱ्यांबरोबर ते नाहीसे होतात.

या नियमाला दोन मर्यादा आहेत. बेताच्या हौसेचा ग्राहक तिघांऐवजी एकच असेल, तर दोघांनाही आत घेऊन फार तर 40 डॉलर मिळतात. उलट दर 2 आणि शुल्क 50 ठेवून एकट्या मोठ्या हौशाकडून 50 मिळतात. अशा वेळी मालक लहान ग्राहकाला दाराबाहेरच ठेवील आणि दर पुन्हा सीमांत खर्चावर येईल. दुसरे असे की, शुल्क वाढताच जो प्रथम परत फिरेल, तोच सरासरीहून अधिक फेऱ्या घेणारा असेल, तर दर सीमांत खर्चाच्या खालीही ठेवणे हिताचे ठरते.

1982 मध्ये डिस्नेलँडने खेळांची वेगळी तिकिटे बंद केली व एकाच शुल्कात सर्व खेळ खुले केले. फेरीचा वाढीव खर्च नगण्य असेल आणि प्रत्येक खेळाशी तिकिटे विकण्या-तपासण्याचा खर्च मोठा असेल, तर दर वाढवून मिळणारा थोडासा लाभ त्या खर्चातच जिरून जाऊ शकतो, ही गोष्टही या हिशेबात धरली पाहिजे.