मागितली हजेरी, मिळाला शाळा सोडल्याचा दाखला

पेणच्या रामवाडी स्टँडवर पनवेलच्या गाडीची वाट बघत मी शाळेतून मिळालेला लिफाफा उघडला. पिवळसर छापील कागद, वर शाळेचं नाव, उजव्या कोपऱ्यात पुस्तक क्रमांक. प्रगती - चांगली. वर्तणूक - चांगली. त्याखाली निळ्या शाईत: शाळा सोडल्याचे कारण - परदेशी जात असल्याने. माझा सहावीतला मुलगा त्याच वेळी त्या शाळेत, तिसऱ्या बाकावर बसून इतिहास शिकत होता. आणि कागद सांगत होता की त्याने शाळा सोडली.

गाडी आली आणि निघूनही गेली. मी तिथेच उभी होते.

माझी बहीण जर्मनीत असते. तिचं बाळंतपण नोव्हेंबर 2024 मध्ये होतं. मुलाला घेऊन पाच आठवडे जायचं ठरलं. दिवाळीची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची, म्हणजे उरलेले तीन आठवडे चालू शाळेतले. भेटीच्या व्हिसाला मूल शाळेत शिकत असल्याचा पुरावा आणि शाळेने रजा दिल्याचं पत्र लागतं, हे मी व्हिसाच्या कागदपत्रांच्या यादीत वाचलेलं होतं. आमच्या मुंबईच्या एजंटने त्यात भर घातली: गेल्या वर्षाची आणि चालू वर्षाची हजेरी, शिवाय वर्तणुकीचा कागद. शाळेच्या दिवसांत मूल बाहेर नेताय, तर ते एरवी नियमित शाळेत जातं हे दिसू दे, असं त्याचं म्हणणं. ते मला पटलं, आजही पटतं.

मी लेखी अर्ज केला. नीट, एका पानाचा. ‘माझ्या मुलाच्या हजेरीची व वर्तणुकीची साक्षांकित प्रत व्हिसाच्या कामासाठी मिळावी.’ कार्यालयात दिला, आवक क्रमांक घेतला, शिक्का मारलेल्या पानाचा फोनवर फोटो काढला. पुढे त्या फोटोनेच मला वाचवलं.

गणपती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. पेणमध्ये त्या दिवसांत कुठल्या कार्यालयात काय काम होतं ते पेणकरांना सांगायला नको. सुट्ट्या संपल्यावर गेले तेव्हा क्लार्क म्हणाले, “वहिनी, तुमचा दाखला तयार करतो, इथे सही करा.” छापील नमुना होता. मी सही केली. वाचायला हवा होता, मान्य. पण समोर माझा अर्ज पडलेला असताना मला वेगळंच काही देतील, हे माझ्या मनात तरी कसं यावं?

स्टँडवरून तो कागद घेऊन परत गेले तेव्हा क्लार्कचा सूर बदलला होता. “तुम्हीच सही केलीत ना? वर्तणूक फक्त दाखल्यावरच असते, वेगळी कुठे असते? तुम्ही वर्तणूक मागितली, मी दाखला दिला.” हे ते माझ्याकडे न बघता, समोरच्या रजिस्टरात काहीतरी लिहीत बोलले. माझ्यामागे दोन पालक उभे होते. त्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, “अहो, दाखला म्हणजे दाखला.” तो शब्द त्या दिवसापासून मला टोचतो. आपल्याकडे बोनाफाईडलाही दाखला म्हणतात, जन्माच्या कागदालाही दाखला आणि शाळा सोडल्याच्या कागदालाही दाखला. पालक एक मागतो, कार्यालय दुसरं ऐकतं, आणि दोघांनाही वाटतं काम झालं.

भेटीच्या व्हिसाच्या फाईलमध्ये हा कागद गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. त्या फाईलमधून एक गोष्ट दिसायला हवी: हे लोक परत येणार आहेत, यांचं घर, नोकरी, शाळा इथे आहे. आणि शाळाच लिहून देते की मुलगा परदेशी जात असल्याने त्याचं नाव कमी केलं. अधिकाऱ्याला आणखी काय हवं?

मुख्याध्यापकांना भेटले. फोनमधला अर्जाचा फोटो दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, क्लार्कना बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला: “ऑनलाइन नोंद केली का?” सुदैवाने केली नव्हती. हा प्रश्न किती मोलाचा आहे ते मला नंतर कळलं. दाखला कागदावर निघाला असेल तर मूळ प्रत परत घेऊन, स्थळप्रतीवर ‘रद्द’ लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने गोष्ट मिटते. पण यूडायस प्लसच्या पोर्टलवर मूल शाळा सोडून गेलं अशी नोंद पडली, की ते त्या शाळेच्या यादीतून निघून ड्रॉपबॉक्समध्ये जातं. मग शाळेला त्याला तिथून पुन्हा आपल्या यादीत ओढून घ्यावं लागतं. म्हणून तुमच्या हाती चुकून असा कागद पडला तर घरी जाऊन चिडण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी मूळ प्रत घेऊन परत जा, रद्द करून घ्या आणि रद्द केलेल्या स्थळप्रतीचा फोटो घ्या. मी तो घेतला. क्लार्कना आवडलं नाही.

क्लार्कचं एक म्हणणं मात्र खरं होतं, हे मी मान्य करते. आपल्या शाळांत मुलाच्या वर्तणुकीची स्वतंत्र नोंदवही सहसा नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक ओळ असते आणि तिथे बहुतेक सगळ्यांना ‘चांगली’ मिळतं. दुसरी जागा म्हणजे प्रगतीपत्रक. त्यात दर सत्राला विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक अशा वर्णनात्मक नोंदी बाईंनी केलेल्या असतात. तेव्हा ‘वर्तणुकीची प्रत’ असं मागूच नका. मागायचं ते असं: शाळेच्या लेटरहेडवर, मुलगा सध्या अमुक इयत्तेत शिकत आहे आणि त्याची वर्तणूक चांगली आहे, असं प्रमाणपत्र. ‘सध्या शिकत आहे’ हे शब्द अर्जात तुम्हीच लिहा आणि खाली एक ओळ वाढवा: ‘शाळा सोडल्याचा दाखला नको आहे.’ मला ही ओळ आधी सुचली असती तर नऊ दिवस आणि व्हिसासाठी मुंबईत ठरलेली एक वेळ वाया गेली नसती.

हजेरीचं वेगळंच. मी मागितली होती कॅटलॉगची झेरॉक्स. वर्गशिक्षिकांनी नकार दिला आणि तेव्हा मला राग आला. आता कळतं की त्यांचं बरोबर होतं. कॅटलॉगच्या एका पानावर सगळ्या वर्गाची नावं असतात. दुसऱ्यांच्या मुलांची हजेरी मी माझ्या फाईलमध्ये का घालावी? मागायचा तो आपल्या मुलापुरता उतारा: महिना, कामाचे दिवस, हजर दिवस, खाली मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक.

आणि तो उतारा हातात आला की तिथेच बसून प्रगतीपत्रकाशी ताडून बघा. माझ्या बाबतीत जुलै चुकला होता. उताऱ्यात कामाचे दिवस 26 आणि हजर 23 लिहिले होते. म्हणजे तीन दिवस गैरहजर. माझा मुलगा त्या महिन्यात एकच दिवस तापाने घरी होता, हे मला पक्कं ठाऊक. बाईंनी कॅटलॉग उघडला. दोन चौकटींत अतिवृष्टीची सुट्टी होती. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळा बंद ठेवल्या, ते दिवस. कॅटलॉगमध्ये कामाचे दिवस 24 धरले होते. उतारा तयार करताना क्लार्कनी कॅलेंडर बघून रविवार आणि मोहरम तेवढे वजा केले आणि 26 लिहिले. प्रगतीपत्रकावर जुलै 24 आणि उताऱ्यावर 26, असे दोन कागद एकाच फाईलमध्ये गेले, तर वाचणारा कशावर विश्वास ठेवेल? कोकणातल्या शाळांत जुलै-ऑगस्टचे आकडे असे चुकू शकतात, तेव्हा तेच दोन महिने आधी बघा.

आमची शाळा मराठी माध्यमाची. मराठीतले कागद जोडायचे तर त्यांचं इंग्रजी किंवा त्या देशाच्या भाषेत भाषांतर करून घ्यावं लागतं. मी मुख्याध्यापकांना विनंती केली आणि त्यांनी रजेचं पत्र आणि प्रमाणपत्र इंग्रजीतच दिलं. असे इंग्रजी कागद घेताना नाव पासपोर्टप्रमाणे लिहून घ्या. शाळेत आडनाव आधी, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, वडिलांचं नाव कधी मध्ये कधी नाही. पासपोर्टची झेरॉक्स अर्जाला जोडली की प्रश्न उरत नाही.

कोणी मला म्हणालं, माहितीच्या अधिकारात टाक. अनुदानित शाळेकडे तो अर्ज करता येतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, पानाला दोन रुपये. पण उत्तराला तीस दिवस मिळतात आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या निदान पंधरा दिवस आधी जायला हवा. ज्यांच्या हातात दोन-तीन महिने आहेत आणि शाळा तोंडही उघडत नाही, त्यांनीच तो रस्ता धरावा. माझ्यासारख्यांनी मुख्याध्यापकांच्या दारात बसावं. कागदपत्रं लवकर गोळा करा, प्रती ठेवा, शांत राहा, हेही सगळे सांगतातच, मीही सांगते. शांत राहणं मला जमलं नाही.

त्या क्लार्कनी आजवर एकदाही ‘चुकलं’ म्हटलेलं नाही. स्टँडवर दिसले की “काय वहिनी, जाऊन आलात का जर्मनीला?” एवढंच. मी हो म्हणते आणि पुढे जाते.

आम्ही डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी परतलो. काही दिवसांनी मी बाईंकडे जाऊन नोव्हेंबरचा कॅटलॉग पाहिला. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सगळ्या चौकटींत गैरहजर. मला वाटलं होतं, रजा मंजूर म्हणजे हजेरीला धक्का नाही. बाई म्हणाल्या, “रजा मंजूर असली तरी मुलगा वर्गात नव्हता, मी हजर कशी लावू?” खरंय. म्हणून मुख्याध्यापकांच्या रजेच्या पत्राची एक प्रत मी त्या वर्षीच्या प्रगतीपत्रकाला पिनने जोडून ठेवली आहे. पुढे कुणी हजेरी मागितली तर नोव्हेंबरचा आकडा त्या पत्राशिवाय मी कुणाला दाखवणार नाही.