तार्किक पत्त्यावरून भौतिक पत्ता

संगणकाच्या स्मृतीत एकाच वेळी अनेक कार्यक्रम वास करीत असतात. तरीही प्रत्येक कार्यक्रम आपले पत्ते शून्यापासूनच मोजतो. हे पत्ते तार्किक होत. प्रत्यक्ष स्मृतीतील जागा भौतिक पत्त्याने कळते. या दोहोंची सांगड घालण्यासाठी कार्यक्रमाचे समान आकाराच्या पृष्ठांत व स्मृतीचे तेवढ्याच आकाराच्या चौकटींत विभाजन करतात. मँचेस्टर येथील ॲटलस संगणकात १९६२ साली ही पद्धत प्रथम वापरात आली.

कोणत्या पृष्ठाला कोणती चौकट मिळाली, याची नोंद पृष्ठ-तक्त्यात असते. गावी एकत्रीकरण झाल्यावर जुन्या भूमापन क्रमांकावरून नवा गट क्रमांक शोधण्यास नोंदवही पाहावी लागते, तसाच हा प्रकार आहे. मात्र तेथे जमिनीच्या हद्दी बदलू शकतात. येथे पृष्ठाच्या आतील मांडणी तसूभरही बदलत नाही. सर्व गणित याच गोष्टीवर उभे आहे.

परीक्षेत येणारे एक उदाहरण घेऊ. पृष्ठाचा आकार १,०२४ बाइट आहे. तक्त्याप्रमाणे पृष्ठ ० चौकट ५ मध्ये, पृष्ठ १ चौकट ३ मध्ये व पृष्ठ २ चौकट ७ मध्ये आहे. पृष्ठ ३ स्मृतीत नाही. तार्किक पत्ता २,५०० असल्यास भौतिक पत्ता कोणता?

२,५०० ला १,०२४ ने भागल्यास भागाकार २ व बाकी ४५२ येते. भागाकार हा पृष्ठक्रमांक, बाकी हे पृष्ठारंभापासूनचे अंतर. पृष्ठ २ ची चौकट ७ असल्याने तिचा आरंभ ७ × १,०२४ म्हणजे ७,१६८ वर होतो. त्यात ४५२ मिळविले की ७,६२० हे उत्तर येते. संगणक स्वतः असा भागाकार करीत बसत नाही. १,०२४ हा दोनाचा दहावा घात असल्याने, पत्त्याचे शेवटचे दहा द्विमान अंक तसेच ठेवून त्यांच्या डावीकडील पृष्ठक्रमांकाच्या जागी तो चौकटक्रमांक बसवितो:

```
2500 =  10 0111000100
7620 = 111 0111000100
```

विद्यार्थी बहुधा चुकतात ते १,०२४ ऐवजी १,००० ने भागून. मग बाकी ५०० येते आणि उत्तर ७,६६८ होते. चूक ओळखणे सोपे आहे: दोन्ही पत्त्यांना १,०२४ ने भागून बाकी समान येते का, एवढेच पाहावे. ७,६६८ ची बाकी ५००, तर २,५०० ची ४५२. म्हणून ते उत्तर त्याज्य. पत्ता ३,०५० असता तर हीच चूक अधिक महाग पडली असती. तो वस्तुतः पृष्ठ २ मध्येच, १,००२ अंतरावर आहे. परंतु हजाराने भागणारा त्याला पृष्ठ ३ मध्ये नेऊन बसवितो.

पत्ता ३,५०० मात्र खरोखरच पृष्ठ ३ मधील आहे. येथे बाकी ४२८ येते. पण चौकटच नसल्याने भौतिक पत्ता काढता येत नाही. अशा वेळी ‘पृष्ठदोष’ हेच उत्तर लिहावयाचे असते. तक्त्यातील रिकाम्या जागी शून्य चौकट गृहीत धरून ४२८ हे उत्तर देणाऱ्याने दुसऱ्याच कोणाच्या तरी चौकटीत प्रवेश केलेला असतो.