रोझेटचे तीन आकडे आणि खरा स्ट्रेस

रामदासपेठेतल्या माझ्या कार्यालयात यंत्रांच्या चाचण्यांचे अहवाल दुसऱ्या मतासाठी येतात. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा असाच एक अहवाल आला होता. हायड्रॉलिक प्रेसवर जास्त टनाचं काम घ्यायचं होतं, म्हणून वेल्डिंग करून बनवलेल्या बेडच्या खालच्या बाजूला, एका रिबजवळ, रोझेट चिकटवली होती. रोझेट म्हणजे एकाच जागी 0, 45 आणि 90 अंशांवर बसवलेले तीन स्ट्रेन गेज. पूर्ण लोडवर 650, 700 आणि 350 मायक्रोस्ट्रेन असे आकडे मिळाले होते. चाचणी करणाऱ्यांनी त्यातला सर्वांत मोठा, 700, घेतला, पोलादाच्या 200 गिगापास्कलने गुणला आणि 140 मेगापास्कल लिहून टाकले. कारखान्याने स्वतःसाठी ठेवलेली मर्यादा 150 होती, म्हणून शेरा पडला: सुरक्षित.

हा शेरा मला मान्य झाला नाही. सगळ्यात मोठा ताण बरोबर कुठल्या तरी गेजच्याच दिशेने असेल, असं कुणी सांगितलं? आणि स्ट्रेनला थेट E ने गुणणं फक्त एकाच दिशेने ओढलेल्या पट्टीला लागू पडतं. बेड दोन्ही दिशांनी वाकतो. खालचा पृष्ठभाग लांबीतही ताणला जातो आणि रुंदीतही.

म्हणून आधी मुख्य स्ट्रेन काढायचे. 0 आणि 90 अंशांच्या गेजची सरासरी 500 येते. त्यांच्यातल्या फरकाचा अर्धा 150, आणि मधला गेज सरासरीपेक्षा 200 ने वर. 150 आणि 200 यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ 250. म्हणजे मोठा मुख्य स्ट्रेन 750, लहान 250. मग दोन्ही दिशांचा परिणाम धरून स्ट्रेस:

```
s1 = E/(1-v^2) * (e1 + v*e2)
s2 = E/(1-v^2) * (e2 + v*e1)
```

पॉइसन गुणोत्तर 0.3 धरलं तर s1 सुमारे 181 आणि s2 सुमारे 104 मेगापास्कल येतो. दोन्ही मिळून फॉन मीझेस स्ट्रेस 158. कुठल्याही हिशेबाने 150 ची मर्यादा ओलांडली जाते. आडवा ताण उभ्या दिशेचं लांबणं दाबून धरतो, म्हणून गेज कमी दाखवतो आणि स्ट्रेस मात्र जास्त असतो.

दिशेच्या बाबतीत अजून एक फसगत होते. कॅल्क्युलेटरचं ATAN सरळ वापरलं तर उत्तर कधीकधी 90 अंशांनी उलटं पडतं, आणि ज्या रेषेत सगळ्यात कमी स्ट्रेन आहे ती मोठ्याची म्हणून अहवालात जाते. ATAN2 वापरा, पण एक्सेलमध्ये त्यात आधी x लिहितात आणि पायथॉनमध्ये आधी y, हे लक्षात ठेवा. त्याहून सोपी पडताळणी डोळ्यांनीच होते. मोठी दिशा 0 आणि 90 यांतल्या मोठ्या गेजपासून 45 अंशांच्या आतच असते. मधला गेज सरासरीपेक्षा वर असेल तर ती त्याच्याकडे झुकते. इथे ती पहिल्या गेजपासून मधल्याकडे 26.6 अंशांवर होती.

पण हे सगळं चॅनेल बरोबर जोडले असतील तरच. 45 आणि 90 च्या वायरींची अदलाबदल झाली असती, तर याच आकड्यांतून 243 मेगापास्कल निघाले असते, आणि तीनच आकडे असल्याने गणितात चूक कुठेही दिसली नसती. म्हणून मी कारखान्यात गेल्यावर एकेका गेजची वायर सोडून कुठला चॅनेल तुटतो ते पाहायला सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळणाऱ्याचा अहवाल मी वाचत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तापमानाचाही हिशेब ठेवावा लागतो. उष्णतेने तिन्ही गेज जवळपास सारखेच सरकतात. त्यामुळे वर काढलेला 250 चा आकडा आणि दिशा तशीच राहते, पण सरासरी बदलते. तिन्ही आकडे 40 ने वाढले की दोन्ही स्ट्रेस 11 मेगापास्कलने खोटे वाढतात. लोड काढल्यावर शून्य परत येतं का, हे यासाठीच पाहायचं. तिन्ही सारखे सरकले असतील तर बहुधा ऊन. एखादाच सरकला असेल तर गेज नीट चिकटलेला नाही किंवा त्या जागी पोलादच कायमचं ताणलं गेलंय. मग ती चाचणी पुन्हा घ्यायची.

या बेडला शून्य नीट परत आलं, चॅनेलही बरोबर निघाले, म्हणून 181 चा आकडा मी कायम ठेवला. टन वाढवण्याआधी रिबजवळ जाड पट्टी वेल्ड करावी, असं लिहून दिलं. वेल्डिंगमुळे बेडमध्ये आधीपासून अडकलेला स्ट्रेस मात्र यात नाही. गेज चिकटवल्यानंतर जे बदललं तेवढंच रोझेट सांगते. आधीचा स्ट्रेस जाणून घ्यायचा असेल तर रोझेटच्या मधोमध बारीक भोक पाडून तो मोजावा लागतो, आणि त्यासाठीची रोझेट वेगळी मिळते.